परीक्षेची पुस्तकं ऑनलाइन मागवताय? पत्ता आणि ट्रॅकिंगच्या या चुका टाळा

माझी भाची ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहते. बारावीच्या बोर्डासाठी तिने 12 जानेवारीला, रविवारी, तीन पुस्तकं ऑनलाइन मागवली. गणिताच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका आणि फिजिक्स, केमिस्ट्रीचे सरावसंच. तिन्ही शुक्रवारपर्यंत, म्हणजे 17 तारखेपर्यंत मिळतील असं दाखवत होतं. गणित 16 लाच आलं. बाकीची दोन आली 25 ला. मधले आठ दिवस त्या मुलीने मोबाईल खाली ठेवला नाही. बेल वाजली की वही टाकून दाराकडे धावायची. पेपर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होते आणि फिजिक्सचे न्यूमरिकल्स ती त्या संचातूनच करणार होती.

पुस्तकं आल्यावर आम्ही दोघींनी बसून ट्रॅकिंग पहिल्यापासून वाचलं. उशीर कुठे कुठे झाला ते त्यात स्पष्ट दिसत होतं. आणि त्यातला मोठा भाग टाळता आला असता, म्हणून हे लिहिते आहे.

विक्रेता कुठला आहे, हे न पाहणं

एका ऑर्डरमध्ये तीन पुस्तकं असली तरी पार्सल एकच असतं असं नाही. गणिताचं पुस्तक मुंबईच्या विक्रेत्याकडून निघालं, बाकीची दोन दिल्लीच्या. पुस्तकाच्या पानावर किमतीजवळ विक्रेत्याचं नाव असतं; त्यावर दाबलं की बहुतेक वेळा गावही कळतं. दिल्लीच्या विक्रेत्याने 13 तारखेला लेबल छापलं आणि स्क्रीनवर `Shipped` झळकलं. भाची खूश झाली. प्रत्यक्षात कुरिअरने पार्सल उचललं 15 ला. `Shipped` नंतर एखाद्या शहराचं किंवा हबचं नाव दिसेपर्यंत पुस्तक विक्रेत्याच्याच कपाटात आहे असं धरून चालावं. परीक्षेला महिना उरला असेल तर दहा-वीस रुपये जास्त पडले तरी जवळचा विक्रेता निवडा.

जुना पिनकोड

आमचे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. भाचीचं कुटुंब आधी मानपाड्याला राहायचं. अॅपमध्ये तोच पत्ता साठवलेला होता. तिने इमारतीचं नाव बदललं, रस्ता बदलला, पण पिनकोड 400607 तसाच राहिला. कासारवडवलीचा आहे 400615.

आपल्याला वाटतं, खाली इमारतीचं नाव, लँडमार्क सगळं लिहिलंय, माणसाला कळेलच. पण पार्सल आपल्या भागात पोहोचेपर्यंत कुणी माणूस पत्ता वाचतच नाही. भिवंडीच्या हबमध्ये लेबल स्कॅन होतं आणि पिनकोडप्रमाणे पार्सल त्या त्या डिलिव्हरी सेंटरच्या गोणीत पडतं. आमचं पार्सल 18 ला भिवंडीत आलं आणि 19 ला मानपाड्याच्या सेंटरला गेलं. तिथल्या डिलिव्हरी बॉयने पत्ता पाहिला, हा आपला भाग नाही म्हणाला आणि परत पाठवलं. 20 ला पुन्हा भिवंडी. लेबलवर पिनकोड तोच, म्हणून 21 ला पुन्हा मानपाडा, 22 ला पुन्हा भिवंडी.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. ट्रॅकिंगमध्ये एकाच हबचं नाव दुसऱ्यांदा दिसलं की पार्सल चुकीच्या वाटेला लागलंय. त्या क्षणी फोन करायचा. तिसऱ्या फेरीची वाट बघायची नाही. भाचीने 20 तारखेला ते नाव पाहिलं होतं, पण "मावशी, भिवंडीला आलंय म्हणजे आता जवळच आहे" असं मला आनंदाने सांगितलं. मलाही ते खरं वाटलं.

शेवटी 22 च्या संध्याकाळी मी कस्टमर केअरला फोन लावला. "पार्सल कुठे आहे?" हा प्रश्न विचारू नका, ते तुम्हाला स्क्रीनवरचंच वाचून दाखवतात. मी म्हटलं, "पिनकोड चुकलाय, पार्सल दोनदा चुकीच्या सेंटरला गेलंय, योग्य पिनकोड 400615 आहे, तशी नोंद करून तक्रार क्रमांक द्या." दोन दिवसांत, 24 ला, पार्सल योग्य सेंटरला पोहोचलं. आपल्या भागाचा पिनकोड नक्की माहीत नसेल तर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतो, किंवा सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावर पाहा.

`Delivery attempted` वाचून गप्प बसणं

24 ला दुपारी `Out for delivery` आलं आणि संध्याकाळी `Delivery attempted`. भाची दिवसभर घरीच होती. ऑर्डरवर तिच्या बाबांचा नंबर होता, आणि ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये असल्याने फोन उचलला गेला नव्हता. गेटवरून माणूस परत गेला. घरी जो थांबणार आहे त्याचाच नंबर ऑर्डरला द्या. असे दोन-तीन प्रयत्न फुकट गेले की पार्सल `RTO` होतं, म्हणजे विक्रेत्याकडे परतीला लागतं आणि मग ते सहसा थांबवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट पाहण्याऐवजी आम्ही सेंटरला फोन केला आणि स्वतः येऊन नेतो म्हणून सांगितलं. सकाळी गाड्या निघायच्या आधी जायचं, सोबत ओळखपत्र आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो मोबाईल. दहा मिनिटांत पुस्तकं हातात आली.

घाबरून केलेल्या गोष्टी

21 तारखेला भाची ऑर्डर रद्द करून पुन्हा मागवायला निघाली होती. मी थांबवलं, कारण तोच विक्रेता, तोच जुना पत्ता. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले असते. त्याच दिवशी तिला एक मेसेज आला: पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर जाऊन पाच रुपये भरा. तो फसवणुकीचा होता. पार्सल खरंच अडकलेलं असताना असा मेसेज खरा वाटतो, म्हणून जपा. पत्ता फक्त ज्या अॅपवरून मागवलं तिथेच दुरुस्त करायचा.

मला जास्त हळहळ वाटते ती त्या आठ दिवसांच्या अभ्यासाची. बारावीची पाठ्यपुस्तकं `ebalbharati.in` वर पीडीएफमध्ये मोफत आहेत. फिजिक्सच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्यायात न्यूमरिकल्स असतात. तेवढे सोडवले असते तरी आठवडा सत्कारणी लागला असता. ठरलेली तारीख उलटून दोन दिवस झाले की नौपाड्यातल्या किंवा स्टेशनजवळच्या दुकानात फोन करून ते पुस्तक आहे का हे विचारावं, आणि असेल तर सरळ जाऊन आणावं.

दोनदा पैसे जातील ही भीती असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार केल्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मात्र पिनकोड आपणच चुकवला असेल तर ही बाजू लंगडी पडते. म्हणून आम्ही तक्रार पुढे नेली नाही.

केमिस्ट्रीचा संच तोवर भाचीला मैत्रिणीच्या ताईकडून मिळाला होता. तिने आलेला संच न उघडता परत पाठवला, फिजिक्सचा ठेवला आणि अॅपमधला मानपाड्याचा पत्ता काढून टाकला.