समईचं वर्णन लिहिण्याआधी लोहचुंबक आणि काटा घ्या

‘शुद्ध पितळी समई, मोठी’ एवढंच लिहून माल पाठवला की निम्म्या तक्रारी ठरलेल्या: फोटोत मोठी दिसली, हातात वीतभर आली. गणपती पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक उचलून बघतं. सांगलीबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी ते काम वर्णनाने करायचं.

१. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर सुटे करून प्रत्येकाला लोहचुंबक लावा. चिकटला तर तो भाग लोखंडी, वरून पितळी मुलामा. बऱ्याचदा दांड्याच्या आतली सळईच लोखंडी निघते; तसं लिहा. नाही चिकटला म्हणून पितळच असं नाही, सोनेरी रंगाचं ॲल्युमिनियमही चिकटत नाही. ते उचलताच हलकं लागतं.

२. उंची मोरासकट आणि मोराशिवाय, दोन्ही द्या. वाटीचा व्यास आणि ग्रॅममध्ये वजनही द्या.

३. लॅकर मारलेलं असेल तर सांगा. वातीजवळ ते काळवंडतं आणि चिंचेने घासलं तर डाग पडतात. गिऱ्हाईक मग पितळच खोटं म्हणतं.

नमुना: ‘पितळी समई, १ नग. उंची मोरासह १२ इंच, मोराशिवाय ९ इंच. वाटी ४ इंच, पाच वातींची. वजन ८५० ग्रॅम. लॅकर नाही. चार सुटे भाग, आट्यांनी जोडायचे. फोटोतलं ताम्हण व वाती सोबत नाहीत.’

‘घरात लक्ष्मी नांदेल’ हे वाक्य काढून टाका. त्या जागेत वजन बसतं.