पहिल्या नोकरीचे कपडे घेताना या चुका टाळा

रुजू व्हायची तारीख कळली की बरेच जण दुकानातून जोड्याच घेऊन येतात. या पँटवर हा शर्ट, त्या पँटवर तो. पाच पँट, पाच शर्ट, आणि इतकं घेऊनही पेहराव पाचच, कारण प्रत्येक शर्ट एकाच पँटसाठी निवडलेला असतो. त्याऐवजी नेव्ही आणि राखाडी अशा दोन साध्या पँट आणि दोन्हींवर शोभतील असे पाच शर्ट घेतले, तर सात कपड्यांत दहा पेहराव होतात.

'दोन्हींवर' हा शब्द मात्र सोडायचा नाही. माझ्या भाचीने पांढरा, फिकट निळा, फिकट गुलाबी, बारीक निळ्या रेघांचा आणि बाटली हिरवा असे शर्ट घेतले. निवड अगदी योग्य होती. मग तिला मरून-तपकिरी चौकड्यांची तिसरी पँट आवडली. पाच त्रिक पंधरा, असा तिचा हिशोब. घरी पलंगावर सगळं मांडलं तेव्हा त्या पँटवर फक्त पांढरा शर्ट गेला. रेघा आणि चौकडे एकमेकांशी भांडत होते, गुलाबी आणि हिरवा त्या मरूनपुढे विचित्र दिसत होते. म्हणजे पेहराव वाढला एकच. ती पँट बदलून साधी खाकी आणली आणि पंधरा खरोखर पंधरा झाले.

म्हणून लेबल काढायच्या आधी ही मांडणी कराच, तीही खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. दुकानातल्या दिव्यांखाली नेव्ही आणि काळा सहज एकसारखे वाटतात. याच कारणाने नेव्ही पँटवर घालायला वेगळा नेव्ही ब्लेझर घेऊ नका. दोन वेगवेगळ्या कापडांची नेव्ही छटा सहसा जुळत नाही आणि बघणाऱ्याला तो फसलेला सूट वाटतो. तोच ब्लेझर राखाडी किंवा खाकी पँटवर छान दिसतो.

आणखी एक चूक धुण्याच्या दिवशी कळते. पँट महाग म्हणून ती जपून निवडतात, शर्ट तीनच घेतात. पण शर्टाची कॉलर आणि काख एका दिवसात मळते. पँट मात्र रात्री हवेशीर टांगली तर दोन-तीनदा घालता येते. आठवड्यातून एकदाच कपडे धुणार असाल तर कामाच्या दिवसांइतके शर्ट हवेत, शिवाय एक जास्तीचा. दोन पेहराव कमी झाले तरी चालतील, पण गुरुवारी धुतलेला शर्टच नाही ही वेळ नको.

चुकीचा कपडा आधीच घेऊन झाला असेल तर त्याच्याशी जुळवायला आणखी नवीन घेऊ नका. तो पांढऱ्या शर्टसोबत अधूनमधून घाला, आणि पुढची खरेदी नेव्ही-राखाडी पँट समोर ठेवूनच करा.