पुढचे दात ठीक दिसले म्हणजे ससा ठीक, असं समजू नका

सशाचा फोटो तपासायला घेतला की बहुतेकांची नजर आधी पुढच्या दातांवर जाते. वरचे दोन दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आणि टोकाला पटाशीसारखे सरळ कापलेले दिसले, की दातांचा विषय तिथेच संपतो. पहिली चूक हीच. सशाला एकूण 28 दात असतात, त्यातल्या दाढा कुठल्याच फोटोत दिसत नाहीत, आणि दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं.

समजा, पांढऱ्या सशाचा फोटो आहे. पुढचे दात व्यवस्थित आहेत, पण हनुवटीखालचे केस ओले आणि पुंजक्यांनी चिकटलेले आहेत. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला पिवळट, कडक झालेली लव आहे. शेपटीखाली काळपट गोळा लटकतोय. तिन्ही खुणा एकत्र वाचाव्या लागतात. गवत कमी आणि गाजर-बिस्किटं जास्त असली की दाढा पुरेशा झिजत नाहीत. त्यांना टोकं येतात. खालची जिभेला टोचतात, वरची गालाला. लाळ गळते, ससा ती पुढच्या पायांनी पुसतो, म्हणून पायांची लव खराब होते. (नाक वाहत असेल तरी पाय असेच होतात, तेव्हा नाकपुड्याही बघा.) तोंड दुखतंय म्हटल्यावर अंग चाटणं थांबतं, केसांच्या जटा होतात. ससा आपल्या मऊ, चकचकीत लेंड्या थेट गुदद्वारातूनच खातो. तेही बंद झालं, की त्या मागे चिकटून राहतात. लठ्ठ किंवा सांधे दुखणाऱ्या सशालाही वाकता येत नाही, म्हणून नुसत्या मागच्या घाणीवरून दातांवर बोट ठेवू नका.

पुढचे दात खरोखरच वाढून वळलेले दिसले, तर लोक नेलकटर काढतात. दात उभा तडकतो, तडा हिरडीत जातो आणि मुळाशी पू होऊ शकतो. हे काम पशुवैद्याने यंत्राने घासून करायचं. आठवड्याला साधारण 2-3 मिलिमीटर वाढ असल्याने, जबडाच जुळत नसेल तर ते काही आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं.

जटा कात्रीने कापणं त्याहून धोक्याचं. सशाची कातडी पातळ असते, जट ओढली की तीही वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. एका हाताने जटेचं मूळ कातडीलगत धरा, दुसऱ्या हाताने टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करा. कातडीलगतची घट्ट जट डॉक्टरांकडेच काढून घ्या.

घाण दिसली म्हणून अंघोळ घालू नका, ससा भेदरतो आणि गारठतो. मागचा भागच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण कोरडा करा. खाली लाल, केस गेलेली कातडी दिसली तर ती लघवीने भाजलेली असू शकते. पावसाळ्यात तर शेपटीखाली दिवसातून दोनदा बघा. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. अळी दिसली, किंवा सशाने 12 तास काहीच खाल्लं नाही, तर आणखी फोटो काढत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.