शिवराळ पात्र लिहिताना या चुका टाळा

कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचून त्यांवर शेरे लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि नव्या लेखकांच्या हस्तलिखितांत एक पात्र हटकून भेटते. ते तोंडाळ असते, उठताबसता शिव्या देते, आणि तरीही वाचकाला त्याची जराही भीती वाटत नाही. लेखकाला विचारले की तो सांगतो, प्रकाशक छापणार नाही म्हणून शिव्या कमी केल्या, नाहीतर पात्र जिवंत झाले असते. हे कारण मला पटत नाही. ज्यांनी शिव्या मुळीच कमी केलेल्या नव्हत्या, त्यांचीही पात्रे मी वाचली आहेत आणि तीही तितकीच निर्जीव होती.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सभ्य वाक्ये लिहून त्यांत शिव्या पेरणे. ती कशी ओळखावी आणि दुरुस्त कशी करावी, हे एका प्रसंगावरून सांगतो.

एका हस्तलिखितात गॅरेजमधला एक मिस्त्री होता. हाताखालच्या सुनील नावाच्या पोराने बोल्ट नको इतका आवळून त्याचे आटे घालवले होते आणि मिस्त्री त्याच्यावर खेकसत होता. अर्ध्या पानाच्या त्या प्रसंगात अकरा शिव्या होत्या, त्यांतल्या सात एकच. मी पेन्सिल घेऊन त्या सगळ्या खोडल्या आणि उरलेले वाक्य लेखकाला मोठ्याने वाचायला लावले. ते असे होते: ‘अरे सुनील, तुला मी कितीदा सांगितले की बोल्ट इतका आवळू नकोस. आता आटे गेले. शेठ आल्यावर त्यांना मी काय उत्तर देऊ?’ वाचून झाल्यावर लेखक गप्प झाला, कारण हा माणूस रागीट मिस्त्री नव्हता. शिष्याची काळजी करणारा, थोडासा दमलेला शिक्षक होता. त्याच्या तोंडी अकराच्या जागी बावीस शिव्या घातल्या असत्या, तरी आतला माणूस बदलला नसता.

ही परीक्षा प्रत्येकाने आपल्या हस्तलिखितावर करून पाहावी. सर्व शिव्या खोडाव्यात आणि उरलेला मजकूर वाचावा. तो तरीही अंगावर येत असेल, तर पात्र उभे आहे. मजकूर सौम्य झाला असेल, तर उर्मटपणा वाक्यांत कधी उतरलाच नव्हता.

तो वाक्यात उतरवण्याची साधने मराठीने भरभरून दिली आहेत, आणि त्यांतले कोणतेही छापायला संकोच वाटावा असे नाही. पहिले साधन क्रियापदांचे. उर्मट माणसाच्या तोंडी दुसरा कधी जेवत नाही. तो गिळतो, कोंबतो किंवा चरतो. दुसरा पितो तेव्हा तो ढोसतो, बोलतो तेव्हा बरळतो किंवा भुंकतो, येतो तेव्हा तडमडतो आणि जातो तेव्हा उलथतो. दुसरे साधन लिंगाचे. मोठ्या माणसाला नपुंसकलिंगात ओढले की तो माणूस राहत नाही, वस्तू होतो: ‘ते येडं कुठं गेलं’, ‘हे बेणं अजून इथंच’. तिसरे नाव मोडण्याचे, म्हणजे सुनीलचा सुन्या करण्याचे. आणि चौथे, समोरच्याचा शब्द उचलून त्याची ‘कामबिम’, ‘कारणबिरण’ अशी जोडी लावून तो कवडीमोल करण्याचे.

लेखकाबरोबर बसून आम्ही तो प्रसंग पुन्हा लिहिला तो असा:

‘आवळ. थांबलास कशाला? आवळ अजून.’

‘मिस्त्री, ते आटे—’

‘आटेबिटे सोड. हात आहेत का खूर रे सुन्या? गिळायच्या वेळी सगळ्यांच्या आधी हजर असतंस, आणि काम सांगितलं की हे असं मढ्यासारखं उभं. सरक तिकडं. शेठ विचारतील तेव्हा तूच तोंड उघड. माझ्या नावानं भुंकलास, तर याच पान्यानं दात मोजीन.’

यात छापता न येण्यासारखा एकही शब्द नाही, आणि तरी वाचणाऱ्याला मिस्त्रीने त्या पोराला झोडपल्यासारखे वाटते. पहिल्या ओळीत तो चुकीचीच आज्ञा पुन्हा देतो, कारण त्याला बोल्ट वाचवायचा नसून पोराला लाजवायचे आहे. पोराचे उत्तर तो पुरे होऊ देत नाही. त्याच्या प्रश्नांना उत्तर नसते. उर्मट माणूस माहितीसाठी प्रश्न विचारत नाही. या सगळ्यात ‘शेठ विचारतील’ हे आदरार्थी रूप मात्र त्याने सांभाळले आहे, आणि त्याचा उपयोग पुढे येतो.

आमच्या दुसऱ्या खर्ड्यात आणखी एक गोष्ट आली, ती मला संवादापेक्षाही महत्त्वाची वाटते. मूळ प्रसंगात गॅरेजमधला दुसरा पोरगा नुसता उभा होता. आता मिस्त्रीचा आवाज चढताच तो मान वर न करता मिस्त्रीच्या पायाजवळचा तेलाचा डबा उचलून बाजूला ठेवतो. डबा लाथेने उडणार, हे त्याला ठाऊक आहे. एवढ्या एका हालचालीने वाचकाला कळते की हे रोजचे आहे, आणि जे शब्द छापले नाहीत ते वाचक स्वतः ऐकतो. शिवीचे वजन देणाऱ्याच्या तोंडात ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या अंगावर ठरते. सरावलेला माणूस काम चालू ठेवतो, नवखा दचकतो, आणि ज्याला ती खरोखर लागते तो काहीतरी अगदी क्षुल्लक करतो, जसे की आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसत बसतो. नवे लेखक मात्र ऐकणाऱ्याला ‘अपमानाने त्याचा चेहरा लाल झाला’ हे तयार वाक्य देऊन मोकळे होतात, आणि ही घाई मला शिवीपेक्षा जास्त खटकते.

दुसरी चूक टिंबांची आणि फुल्यांची. ‘तुझ्या xxx’ असे लिहिले की वाचकाला पात्राचा आवाज ऐकू येणे बंद होते आणि लेखकाचा संकोच दिसू लागतो. तो वाचता वाचता थांबून रिकाम्या जागा भरू लागतो, आणि ऐन रागाच्या प्रसंगात ते घडले की राग संपतो. मराठीत तर याची गरज त्याहून कमी आहे, कारण आपल्या पुष्कळ शिव्या जन्मतःच अर्धवट आहेत. ‘तुझ्या आयला’ या बोलात क्रियापद नसते. ते बोलणाऱ्याने कधीच टाकून दिले आहे, आणि अशाच बोलांची झीज होऊन ‘च्यायला’ आणि ‘आयला’ झाले, जे आज माणूस चहा सांडला तरी म्हणतो. म्हणजे तोडण्याचे काम भाषेने आधीच करून ठेवले आहे. लेखकाने फक्त योग्य जागी थांबायचे.

शिवी तोडायचीच असेल, तर ती प्रसंगातल्या एखाद्या कारणाने तुटली पाहिजे. दुसरा माणूस मध्ये बोलतो, हातातली वस्तू पडते, दारात कोणी आलेले दिसते, किंवा यंत्र सुरू होते आणि पुढचे शब्द आवाजात बुडतात. मी लेखकांना सांगतो की अशा तुटलेल्या शिव्या एका प्रकरणात एकीहून जास्त ठेवू नयेत, कारण दुसऱ्या वेळी दार वाजले की वाचकाला लेखकाची युक्ती कळते. हा नियम माझ्या सवयीतून आला आहे, पण तो मोडलेला मला क्वचितच यशस्वी दिसला आहे.

‘त्याने एक अर्वाच्य शिवी हासडली’ हे निवेदकाचे वाक्य निषिद्ध नाही, पण ते पुस्तकात एकदाच चालते. त्यातही शिवी कोणाला उद्देशून होती, हे लिहिले तर बरे: ‘त्याने पोराच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग पाना मागितला.’

काही चुका एकेका ओळीत सांगून पुरतात. शिवराळ माणसाच्या तोंडी ‘नराधमा’ आणि ‘मूर्खा’ घालू नयेत; ते शब्द नाटकातल्या राजाचे आहेत. स्वतः बनवलेल्या नव्या शिव्या टाळाव्यात, कारण कानाला ओळख नसलेली शिवी लागत नाही. चित्रपटांतल्या हिंदी शिव्या उचलून मराठी पात्राच्या तोंडी बसवणे हा आळस आहे, मात्र पात्र खरोखरच दोन भाषांत जगत असेल तर गोष्ट वेगळी. आणि सगळ्या पात्रांना एकच शिवी देऊ नये: म्हातारी ‘मुडद्या’ आणि ‘मेल्या’ म्हणत मरणाचे शाप देईल, तर तिचा नातू तसे कधीच बोलणार नाही.

आता जी चूक चांगल्या लेखकांकडूनही होते ती. शिवराळ माणूस सगळ्यांना सारखाच शिवराळ दाखवला जातो. असा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येकाचे एक तरी माणूस असते ज्याच्यासमोर त्याची जीभ आवरते, आणि ते कोण, हे लेखकाला पहिल्या प्रकरणाआधी ठाऊक हवे. आमच्या मिस्त्रीच्या बाबतीत ते माणूस म्हणजे शेठ. पोरांवर ओरडतानाही तो ‘शेठ विचारतील’ म्हणतो, आणि शेठ समोर आले की ‘आपण बसा, आत्ता करून देतो’ असे बोलतो. दोन वाक्यांच्या अंतरात त्याचे ‘सुन्या’ आणि ‘आपण’ शेजारी आले की त्याच्या शिव्यांमागची भीतीही दिसू लागते. उलट बाजूने पाहिले, तर अशा माणसाने हाताखालच्या पोराला अचानक ‘या साहेब, बसा, उशीर तर झाला नाही ना तुम्हाला’ म्हणावे. ते कोणत्याही शिवीपेक्षा जास्त टोचते.

हे अंतर राखले म्हणजे खरी शिवी कुठे ठेवायची, हा प्रश्नही सुटतो. माझ्या मते संपूर्ण कादंबरीत अशा पात्राला दोन-तीन उघड शिव्या पुरतात, आणि त्यांतली सर्वांत जड शिवी अशा माणसाला दिली गेली पाहिजे ज्याला त्याने तोवर कधीही दिलेली नव्हती. त्या कादंबरीच्या शेवटाकडे जॅक घसरून मिस्त्रीचा हात चिरडतो आणि शेठ उपचाराचे पैसे द्यायला नकार देतो. मूळ हस्तलिखितात तिथे शिव्यांचा दीड पानभर वर्षाव होता, आणि तो मागच्या दीडशे पानांसारखाच वाटत असल्यामुळे कोणालाही जाणवला नसता. आम्ही तो काढला. मिस्त्री आधी फक्त ‘आपण’वरून ‘तू’वर येतो: ‘तू देणार नाहीस?’ मग ‘ए शेठ्या’ म्हणतो, आणि त्यानंतर एकच शिवी, पूर्ण, टिंबांशिवाय. प्रकाशकाने त्या एका शब्दाला हरकत घेतली नाही, कारण तोवर पुस्तकात हरकत घेण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

लिहिताना जड शिवी जिथे सुचेल तिथे खर्ड्यात खुशाल लिहावी. पहिल्या खर्ड्यात हात आखडता घेतला तर पात्राचा राग कागदावर येतच नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्या पात्राची प्रत्येक शिवी वेगळ्या कागदावर उतरवावी आणि तिच्यासमोर ती कोणाला दिली ते लिहावे. एकाच नावासमोर रांग लागली असेल, तर पहिली ठेवून बाकीच्यांच्या जागी क्रियापदे, मोडलेली नावे आणि न उत्तरता येणारे प्रश्न घालावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि एका बैठकीत होत नाही. ज्यांना ते टाळायचे असते ते फुल्या वापरतात.