डिलिव्हरी चुकल्यावरचा ईमेल: माफी दोन ओळींत, तारखा शिफ्टच्या वहीतून

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळीच्या, पाइपच्या किंवा चटईच्या युनिटला डिस्पॅच किंवा ऑर्डर सांभाळायला नवीन लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला हे काम पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येतं. तारीख हुकलेली असते, ग्राहकाचे फोन सुरू असतात आणि वरून सांगितलं जातं, "एक सॉरीचा मेल टाकून दे." इथेच पहिली गफलत होते. तो मेल लिहायला दहा मिनिटं लागतात, पण त्यात टाकायची नवीन तारीख काढायला तास-दोन तास लागतात. ते तास वाचवले की चार दिवसांनी दुसऱ्यांदा माफी मागायची वेळ येते, आणि दुसऱ्या माफीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

एक ऑर्डर धरून चालू. शहाद्याच्या ठिबक विक्रेत्याला 16 मिमी इनलाइन लॅटरलची 400 मीटरची 480 बंडलं 8 ऑक्टोबरला पोहोच द्यायची होती. पाच फुटी ओळीला एकरी साधारण 2,650 मीटर नळी लागते, म्हणजे हा माल 72 एकरांचा. पुढे केळीच्या कांदेबागेची लागवड, त्यासाठी शेतकऱ्यांनी टिश्यू कल्चरची रोपं आधीच बुक केलेली. रोपं ठरल्या दिवशी उतरतात. नळी अंथरलेली नसेल तर रोपं पिशव्यांमध्येच सावलीला ठेवून पाणी घालत बसावं लागतं. ग्राहकाचं नुकसान कशात आहे, हे मेल लिहिण्याआधी इतक्या बारकाईने माहीत हवं. "आपली गैरसोय झाली" असं लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि वाचणाऱ्याला हे लगेच कळतं.

5 ऑक्टोबरच्या रात्री एक्स्ट्रूडरच्या गिअरबॉक्सचं थ्रस्ट बेअरिंग गेलं. स्क्रूवर मागे येणारा सगळा दाब हे बेअरिंग झेलतं; ते गेलं की लाइन बंद. तोवर 200 बंडलं तयार होती, 280 बाकी. सुटा भाग स्टोअरमध्ये नव्हता. तो पुण्याहून 7 तारखेला आला, 8 ला बसला आणि रात्री मशीन चाललं. या तीन दिवसांत शहाद्याला कोणी कळवलं नाही. 8 तारखेला संध्याकाळी तिकडूनच फोन आला: "भाऊ, गाडी कव्हय यी?"

ग्राहकाला मशीन बिघडल्याचा राग येत नाही, मशीन त्याच्याकडेही असतं. त्याला राग येतो तो आपल्याला 5 तारखेला ठाऊक असलेली गोष्ट त्याला 8 ला विचारून काढावी लागली याचा. म्हणून माफी उशिराची मागा आणि न कळवल्याचीही मागा, आणि ही दुसरी माफी वेगळ्या वाक्यात लिहा.

आता नवीन तारीख. लाइनचा वेग मिनिटाला 40 मीटर, म्हणजे तासाला 6 बंडलं. वीस तास धरले तर दिवसाला 120. बाकी 280, म्हणजे अडीच दिवसांत काम उरकलं, असं सुपरवायझर तोंडी सांगेल. तो खोटं बोलत नसतो, मशीन नीट चाललेला दिवस त्याच्या डोळ्यासमोर असतो. तुम्ही मात्र शिफ्टची वही मागा आणि मागच्या आठ दिवसांचं रोजचं उत्पादन लिहून काढा. आपल्या उदाहरणात त्याची सरासरी 95 निघते. बाकीचा वेळ ड्रिपर अडकण्यात, माल बदलण्यात आणि विजेच्या झटक्यात जातो. वीज पाच मिनिटं गेली तरी बॅरलमधलं प्लास्टिक पुन्हा तापून लाइन स्थिर व्हायला दीड-दोन तास लागतात.

हा आकडा हाती आला की एक अवघड गोष्ट दिसते. 6 तारखेपासून दिवसाला 95 प्रमाणे 280 बंडलं 8 च्या संध्याकाळी पूर्ण झाली असती. त्यानंतर तपासणी आणि रस्ता धरता माल शहाद्याला 10 ला पोहोचला असता. म्हणजे बेअरिंग गेलं नसतं तरी 8 तारीख हुकलीच असती. ती तारीख देतानाच दिवसाला 120 धरले होते. बेअरिंग हे खरं कारण आहे, पण अर्धं. नुसतं तेवढंच लिहून मोकळं झालात तर पुढच्या ऑर्डरला पुन्हा 120 नेच तारीख दिली जाईल.

नवीन बेअरिंगवर सुरुवातीचे दिवस वेग कमी ठेवतात, म्हणून 95 ऐवजी 80 धरा. 9 ते 12 या चार दिवसांत 280 बंडलं होतात. मशीन उघडून बसवल्यावर प्रवाहाची तपासणी टाळू नका: 25 ड्रिपर, 1 किलो दाब, आणि प्रत्येकाचं पाणी मोजून. शेवटच्या मालाच्या तपासणीसाठी 13 तारीख ठेवा आणि त्यापुढचा एक दिवस राखीव. शेवटची गाडी 14 ला संध्याकाळी निघेल, 15 ला सकाळी पोहोचेल. उत्पादनाच्या माणसाला हा कागद दाखवून सही घ्या. सही मागितली की बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो, "एक दिवस वाढवून घ्या." तसं म्हटलं तर वाढवा.

दुसरं, तयार असलेली 200 बंडलं थांबवून ठेवू नका. एका गाडीत 120 बसतात, म्हणजे पाच फुटी ओळीची 18 एकरं. ही गाडी आजच निघाली तर मेलला वजन येतं. टप्प्याटप्प्याने माल गेला की गाडीभाडं वाढतं. ते कोण सोसणार हे मालकाला विचारूनच लिहा. खरेदी ऑर्डरवर उशिराच्या दंडाची अट आहे का, तेही आधी वाचा. मेलमध्ये आपणहून सूट किंवा दंड कबूल करणं हे तुमच्या अधिकारात बसत नाही, आणि एकदा लिहिलेलं मागे घेता येत नाही. प्रत्येक गाडीचं बिल आणि ई-वे बिल वेगळं बनेल, ते अकाउंट्सला सकाळीच सांगून ठेवा. पुष्कळदा भरलेली गाडी गेटवर कागदासाठीच अडकते.

मेलच्या आधी फोन करा. लेखी कळवण्याची पद्धत म्हणून पहिली बातमी मेलने पोहोचली तर ती तोंड चुकवल्यासारखी वाटते. फोनवर एवढंच: "दादा, चूक आमची आहे. आज संध्याकाळी 120 बंडलं निघताहेत, बाकीच्या तारखा अर्ध्या तासात मेलवर टाकतो. पहिली रोपं कोणाच्या शेतात उतरताहेत, तेवढं सांगा." मग मेल असा:

विषय: ऑर्डर 412: 8 ऑक्टोबरची डिलिव्हरी चुकली; पहिली गाडी आज, शेवटची 15 ला पोहोच

नमस्कार साहेब,

आपल्या 480 बंडलांची डिलिव्हरी आम्ही 8 ऑक्टोबरला देऊ शकलो नाही, याबद्दल माफी मागतो. मशीन 5 तारखेच्या रात्रीच बंद पडलं होतं, तरी आपल्याला फोन करावा लागला. ते आम्ही त्याच दिवशी कळवायला हवं होतं. त्याबद्दलही माफ करा.

नवीन तारखा:
9 ऑक्टोबर संध्याकाळी रवाना, 10 ला सकाळी पोहोच: 120 बंडलं
11 ला रवाना, 12 ला पोहोच: 120 बंडलं
13 ला रवाना, 14 ला पोहोच: 120 बंडलं
14 ला रवाना, 15 ला पोहोच: 120 बंडलं

या तारखा सध्याच्या प्रत्यक्ष उत्पादनावरून काढल्या आहेत आणि त्यात तपासणीचा व एक राखीव दिवस धरला आहे. जादा फेऱ्यांचं भाडं आमच्याकडे. कोणत्या गावचा माल आधी हवा ते आज दुपारी 3 पर्यंत कळवलंत, तर त्याप्रमाणे बिलं बनवतो.

कारण: गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत होतं, तेल कमी झालं आणि बेअरिंग गेलं. सुटं बेअरिंग आमच्याकडे नव्हतं. शिवाय 8 तारीख देताना आम्ही मशीनचा पूर्ण वेग धरला होता, तो धरायला नको होता.

केलेले बदल: सील आणि बेअरिंग नवीन बसवलं आहे. आजपासून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला तेलाची पातळी वहीत नोंदवली जाते. एक बेअरिंग आणि दोन सील स्टोअरला ठेवण्यासाठी मागवले आहेत, ते 16 तारखेपर्यंत येतील. मशीन चार तासांहून जास्त बंद राहिलं, तर ज्यांचा माल त्यावर आहे त्या प्रत्येकाला त्याच दिवशी फोन जाईल.

रोज संध्याकाळी 6 वाजता तयार बंडलांचा आकडा आपल्याला पाठवतो.

खाली तुमचं नाव, पद आणि खरोखर उचलला जाणारा मोबाइल नंबर.

यात तारखा कारणाच्या वर आहेत, ते मुद्दाम. ग्राहकाला आधी शेतकऱ्यांना उत्तर द्यायचं असतं. बेअरिंगची हकिकत तो रात्री निवांत वाचतो. विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर आणि तारीख आधी टाकली, कारण मोबाइलवर तेवढाच भाग दिसतो. "अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे" आणि "लवकरात लवकर" हे शब्द कुठेही नाहीत. पहिल्याने काही लपवलंय असं वाटतं, दुसऱ्याने काही ठरलेलं नाही हे कळतं. बेअरिंग पुण्याहून उशिरा आलं असंही लिहिलेलं नाही. सुटा भाग ठेवायचा की नाही हे आपण ठरवलं होतं, विकणाऱ्याने नाही.

बदलांच्या परिच्छेदात सर्वांत जास्त घोटाळा होतो. "यापुढे काळजी घेऊ" हा बदल नाही. बदल म्हणजे महिन्याभराने ग्राहक युनिटला आला तर त्याला दाखवता येईल अशी गोष्ट: वहीतलं पान, रॅकवरचं बेअरिंग. झालेलं आणि होणार असलेलं वेगळं लिहा. स्टोअरचं बेअरिंग 16 ला येणार असेल तर "ठेवलं आहे" असं लिहू नका.

पाठवण्याआधी बेरीज करून बघा: चार गाड्यांची बंडलं मिळून 480 होतात का, आणि प्रत्येक गाडी निघेपर्यंत तेवढा तपासलेला माल हातात असेल का. 11 च्या गाडीला जुनी शिल्लक 80 आणि 9 ची 80 मिळून 160 आहेत, चालेल. तिसरी गाडी 12 लाच काढली असती तर 10 तारखेपर्यंतची तपासलेली सगळी मिळून नेमकी 120 उरली असती, एकही जास्त नाही. एक विजेचा झटका आला असता की ती गाडी हुकली असती. म्हणून ती 13 ला.

मग रोजचा सहाचा मेसेज. आकडा 80 च्या जागी 55 आला तरी 55 च पाठवा. लागोपाठ दोन दिवस 80 च्या खाली गेलात तर राखीव दिवस संपत आला असं समजा आणि 15 तारीख सरकण्याची शक्यता त्याच संध्याकाळी फोनवर सांगा. 12 ला कळलं तर विक्रेता शेवटच्या 18 एकरांची रोपं दोन दिवस नर्सरीतच थांबवू शकतो. 14 ला रात्री कळलं तर रोपांची गाडी निघून गेलेली असते.