मनीचा व्हॉट्सॲप स्टिकर पॅक बनवताय? या चुका टाळा

काळी मांजर, गडद सोफा आणि संध्याकाळचा उजेड. स्टिकरसाठी याहून वाईट फोटो नाही, आणि बहुतेकांच्या गॅलरीत नेमका तोच असतो. पार्श्वभूमी आपोआप काढणाऱ्या अ‍ॅपला काळा कान आणि काळी उशी यांतला फरक कळत नाही, म्हणून कान अर्धा खाल्ला जातो. असा फोटो कटआउट करण्याआधी एडिटरमध्ये उघडून 'शॅडोज' वाढवा आणि कान दिसतोय का ते पाहा. तरीही दिसत नसेल, तर दुसरा फोटो घ्या. नसलेली कड कुठलंच अ‍ॅप शोधून देणार नाही.

कटआउट झालं की लोक पांढऱ्या पडद्यावर बघतात आणि खूश होतात. तिथे चुका दिसतच नाहीत. खाली एक भडक गुलाबी लेयर टाका, मग खरं रूप कळतं: केसांच्या टोकांना चिकटलेला सोफ्याचा रंग आणि इकडेतिकडे राहिलेले जवळजवळ अदृश्य ठिपके. हे ठिपके बिनमहत्त्वाचे वाटतात, पण पुढे बाह्यरेषा लावली की प्रत्येक ठिपक्याभोवतीही पांढरं वर्तुळ उमटतं. ते खोडरबरने पुसा. सोफ्याचा रंग घालवायला मास्कची, म्हणजे कटआउटची, कड दोन-तीन पिक्सेल आत घ्या. लव थोडी कमी होईल, पण पांढऱ्या रेषेच्या आत ते कुणाच्या लक्षात येत नाही. मिशा मात्र वाचवत बसू नका. कापून टाका आणि शेवटी हव्या तर बारीक ब्रशने पुन्हा काढा.

बाह्यरेषेतली सगळ्यात मोठी चूक क्रमाची आहे. व्हॉट्सॲपचं स्टिकर बरोबर 512 × 512 पिक्सेलचं लागतं, आणि त्यांची शिफारस आहे 8 पिक्सेलची पांढरी रेषा व चहूबाजूंनी 16 पिक्सेल मोकळी जागा. आता 3000 पिक्सेलच्या मूळ फोटोवरच 8 पिक्सेलची रेषा लावली आणि मग आकार कमी केला, तर फोटो जवळजवळ सहा पटीने लहान होतो आणि रेषा उरते जेमतेम दीड पिक्सेल. काळ्या थीमच्या चॅटवर काळी मांजर मग गायबच. म्हणून आधी आकार कमी करा, मग रेषा लावा. हिशोब सोपा आहे: 512 मधून दोन्ही बाजूंचे 16 गेले की 480, त्यातून रेषेचे 8-8 गेले की मांजरीला 464 पिक्सेल मिळतात. लांबट मांजर चौकोनात बसवायला ताणू नका. लांब बाजू 464 करा आणि उरलेली जागा पारदर्शक ठेवा.

पांढऱ्या मांजरीची अडचण उलटी असते, कारण रेषा आणि अंग एकजीव होतात. तिथे अंग आणि पांढरी रेषा यांच्यामध्ये दोन पिक्सेलची करडी रेषा घाला.

हावभावांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. एकाच फोटोवर 'हो', 'नाही', 'शुभ रात्री' लिहून बारा स्टिकर करण्यापेक्षा पाच वेगळे चेहरे घ्या (पॅकला किमान तीन लागतात, कमाल तीस). जांभई म्हणजे हुकमी खजिना. तिच्या मधल्या क्षणाला हसू, ओरडणं, कंटाळा असं काहीही म्हणता येतं, फक्त बर्स्ट मोडमध्ये टिपा. कान मागे पडले की चेहरा रागीट दिसतो. डोळ्यांकडेही लक्ष द्या: प्रखर उजेडात बाहुली चिरेसारखी बारीक होते आणि मांजर खुनशी वाटते, मंद उजेडात ती गोल होते आणि तीच मांजर निरागस दिसते. अक्षरं झाकून स्टिकर अंगठ्याएवढं करून बघा. भाव ओळखता आला नाही, तर तो चेहरा पॅकमधून काढा.

शेवटी फाइलचं वजन. स्थिर स्टिकरला 100 केबीची मर्यादा आहे, हलत्याला 500. पीएनजीत केसाळ प्राण्याचा फोटो ही मर्यादा सहज ओलांडतो, तर जेपीजीत पारदर्शकताच नसते, म्हणून मांजरीमागे चौकोन येतो. फाइल वेबपीच हवी. संगणकावर गूगलचं cwebp हे कमांड-लाइन टूल असेल, तर इतकं पुरतं:

```
cwebp -q 75 mani.png -o mani.webp
```

तरीही जड झाली, तर `-q`, म्हणजे दर्जाचा आकडा, थेट 30 वर आणून चेहरा मातकट करू नका. आधी कड तपासा. लवेचे हजारो अर्धपारदर्शक पिक्सेल जागा खातात, कारण पारदर्शकतेचा थर मुळात काहीही न गमावता साठवला जातो. कड गुळगुळीत करा किंवा त्या थराचा दर्जा उतरवायला कमांडमध्ये `-alpha_q 60` जोडा. त्यानंतरच `-q` पाच-पाचने उतरवा.

फाइल चालते पण पॅक स्वीकारला जात नाही, असं झालं तर आयकॉन बघा. तो 96 × 96 पिक्सेल आणि 50 केबीपेक्षा कमी असावा लागतो. तिथे पूर्ण मांजर बसवू नका, नुसतं तोंड घ्या. आणि एकाच पॅकमध्ये स्थिर व हलती स्टिकर मिसळलेली चालत नाहीत, त्यांचे दोन पॅक करा.