मधल्या भावंडांनो, या चुका टाळा

जोडप्यांचं समुपदेशन करताना 'मी मधली ना, माझ्याकडे कोण बघणार' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं भांडण मला आधीच दिसायला लागतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे न सांगता परीक्षा घेणं. एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मोठी ताई, मग या, मग धाकटा भाऊ. चाळिसावा वाढदिवस जवळ आला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय करूया?" या म्हणाल्या, "काही नको, उगाच खर्च." त्या दिवशी तो बिचारा अर्धा किलो पेढे घेऊन आला आणि पुढचे चार दिवस घरात अबोला. विजेचं बिल भरायचं राहिलं की काय, इथपर्यंत त्याने डोकं खाजवून पाहिलं. माझ्यासमोर तो म्हणाला, "मी विचारलं होतं हो." त्यावर या म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? कळायला नको?"

खोदल्यावर सापडला दहावीचा निकाल. ८२ टक्के. त्याच आठवड्यात धाकट्याची मुंज होती. आईने ऐकलं, "बरं झालं गं" म्हणाली आणि पाहुण्यांच्या पानात मीठ वाढायला पाठवलं. मागून मिळत नाही, हट्ट केला तर 'तू तरी समजून घे' ऐकावं लागतं, हे तेव्हा मनात पक्कं बसलं. पंचवीस वर्षांनी नवरा खरोखर विचारत होता, तरी तोंडातून 'काही नको'च बाहेर पडलं.

उपाय साधा आहे, म्हणून लोकांना तो आवडत नाही. आठ दिवस आधी वार, वेळ आणि गोष्ट सांगायची: "शनिवारी सातला आपण दोघंच बाहेर जेवू, मुलं आईकडे." लगेच तक्रार येते की सांगून मिळालं त्यात काय मजा? मजा पहिल्यांदा नसतेच. एकदा सांगून बघतात आणि पुढच्या भेटीत "काही फरक नाही" म्हणत बसतात, अशा उतावळ्यांना मी दोन-तीन महिने सतत छोट्या गोष्टी मागायला लावते. खिडकीजवळची सीट, भाजी कुठली करायची, टीव्हीवर काय लावायचं. 'काहीही चालेल' हे शब्द तेवढ्या काळापुरते बंद.

दुसरी चूक दिवाळीत होते. फराळाला सगळे जमले की आईपुढे लहानपणाचा हिशेब मांडायचा. आई म्हणते, "तुम्हा तिघांत मी कधी फरक केला नाही," आणि बहुतेकदा ती खरं बोलत असते. हर्टविग, डेव्हिस आणि सलोवे या संशोधकांनी २००२ मध्ये हे नीट मांडलंय. रोज तिघांना अगदी समान वाटा दिला तरी थोरल्याला धाकटी येण्याआधीची वर्षं एकट्याला मिळतात, शेंडेफळाला मोठी घराबाहेर पडल्यावरची. मधल्याच्या वाट्याला आईबाबा एकट्याचे असे कधी येतच नाहीत. म्हणजे आईची दानत खोटी नव्हती आणि तुमचं दुखणंही खोटं नाही. म्हणून मी सांगते की जाब विचारू नका, वेळ मागा. भावंडं नसताना दोन दिवस माहेरी जा, आईला तुमच्या जन्माच्या वेळच्या गोष्टी विचारा. त्या बाईंना आईकडून कळलं की तान्ह्या असताना त्या दुपारभर आजोबांच्या मांडीवरच झोपायच्या. कुणीच बघितलं नाही, ही त्यांची समजूत तिथे पहिल्यांदा हलली.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोघांच्या भांडणात मध्यस्थी करायला धावू नका, लहानपणी केली तेवढी पुरे.

रील बघून 'मिडल चाइल्ड सिंड्रोम' स्वतःला चिकटवू नका. असं कुठलंही वैद्यकीय निदान नाही, आणि २०१५ च्या दोन मोठ्या अभ्यासांत जन्मक्रमाचा स्वभावावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. दोन मुलींनंतर मुलगा झालेल्या घरात दुसरीला जे सोसावं लागतं, ते मुळात मुलगाच हवा या हट्टापायी. त्याला मधलेपणाचं नाव देऊन आपण घरच्यांना स्वस्तात सोडतो.

आणि सगळंच माहेरच्या खात्यावर टाकू नका. मी एक बघते: नवऱ्याला म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं आईला म्हणता येतं का? 'माझं कुणाला कधी पडलेलंच नसतं' हे येतं, म्हणजे दुखणं जुनं. 'तीनदा सांगूनही तू माझ्या तपासणीला दवाखान्यात आला नाहीस' हे येत नाही. ते आजचं आहे, आणि त्याचं उत्तर नवऱ्यानेच द्यायचंय.